निम्म्या गुणाकारांत डेसिमेशन

अंकीय ध्वनीचा नमुनादर निम्म्यावर आणायचा म्हणजे दर दोन नमुन्यांमागे एकच शिल्लक ठेवायचा. सेकंदाला ९६,००० नमुने घेऊन केलेले ध्वनिमुद्रण व्हिडिओसाठी ४८,००० वर आणताना हेच करावे लागते. मात्र एकाआड एक नमुना नुसताच काढून टाकला, तर ध्वनी बिघडतो. सेकंदाला ४८,००० नमुन्यांत २४ किलोहर्ट्झपर्यंतच्याच कंप्रता मावतात. मूळ मुद्रणात ३० किलोहर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा एखादा सूर असेल, तर नमुने कमी केल्यावर तो नाहीसा होत नाही. ४८ मधून ३० गेले की उरतात १८, आणि तो सूर १८ किलोहर्ट्झवर, म्हणजे ऐकू येणाऱ्या पट्ट्यात येऊन बसतो. याला एलियसिंग म्हणतात. तिथे आधीपासून असलेल्या खऱ्या आवाजात तो एकदा मिसळला की पुन्हा वेगळा काढता येत नाही.

अगदी टोकाचे उदाहरण घेतले तर हे आकड्यांतच दिसते. १२, ८, १२, ८, १२, ८ अशी मालिका म्हणजे १० ही स्थिर पातळी आणि तिच्यावर स्वार झालेली, शक्य तितक्या जलद गतीची दोनची वरखाल. एकाआड एक आकडा उचलला तर हाती १२, १२, १२ येतात. एक घर सोडून सुरुवात केली तर ८, ८, ८. दोन्ही उत्तरे चूक आहेत. म्हणून नमुने कमी करण्याआधी नव्या दरात न मावणाऱ्या कंप्रता फिल्टरने काढून टाकाव्या लागतात. फिल्टर आणि त्यामागून होणारी नमुन्यांची घट, या जोडीला डेसिमेशन म्हणतात.

या कामासाठी बहुधा मर्यादित प्रतिसादाचा, म्हणजे एफआयआर फिल्टर वापरतात. त्याची कृती साधी असते. सर्वांत ताजा नमुना आणि त्याआधीचे काही नमुने घ्यायचे, प्रत्येकाला ठरलेल्या सहगुणकाने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. नवा नमुना आला की सगळे एक घर सरकतात आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून होतो. समजावून घ्यायला सोपा असा सात सहगुणकांचा एक फिल्टर पाहू. त्याचे सहगुणक −१, ०, ९, १६, ९, ०, −१ असे आहेत आणि बेरजेला शेवटी ३२ ने भागायचे आहे. सर्व सहगुणकांची बेरीज ३२ येते, त्यामुळे स्थिर पातळीला धक्का लागत नाही.

समजा, आलेले नमुने अनुक्रमे ४, ६, १०, १२, ८, २, ६ असे आहेत आणि त्यांना ० ते ६ असे क्रमांक दिले आहेत. सहावा नमुना आल्यावर बेरीज अशी होते: −६, ०, ७२, १९२, ९०, ० आणि −४, एकूण ३४४. तिला ३२ ने भागले की उत्तर १०.७५.

सरधोपट पद्धतीत असे उत्तर येणाऱ्या प्रत्येक नमुन्यामागे काढतात आणि मग निम्मी उत्तरे फेकून देतात. म्हणजे ठेवलेल्या एका उत्तरामागे सातऐवजी चौदा गुणाकार होतात. प्रत्यक्षातले फिल्टर याहून बरेच लांब असतात. ६४ सहगुणकांचा फिल्टर ९६,००० च्या दराने चालवला तर सेकंदाला ६१,४४,००० गुणाकार लागतात, आणि त्यांतले ३०,७२,००० अशा उत्तरांवर खर्च होतात जी कोणी पाहणारच नाही. या प्रकारच्या फिल्टरमध्ये प्रत्येक उत्तर फक्त आलेल्या नमुन्यांवर अवलंबून असते. आधीच्या उत्तराची त्याला गरज नसते. म्हणून टाकायचे उत्तर काढलेच नाही, तरी पुढच्या कशावरही परिणाम होत नाही.

निम्मी बचत इथेच हाती आली. तरीही पॉलिफेज रचना महत्त्वाची ठरते, कारण उरलेला हिशेब कसा मांडायचा हे ती सांगते. कोणता सहगुणक कोणत्या नमुन्याला भिडतो, याकडे नीट पाहिले की ती आपोआप दिसते. वरच्या उदाहरणात शून्यावा, दुसरा, चौथा आणि सहावा सहगुणक अनुक्रमे ६, ४, २ आणि ० या क्रमांकांच्या नमुन्यांना भिडले. विषम सहगुणक ५, ३ आणि १ या नमुन्यांना भिडले. पुढचे ठेवायचे उत्तर आठव्या नमुन्याला येईल. तोवर नमुने दोन घरे सरकलेले असतील, म्हणून सम सहगुणकांच्या वाट्याला पुन्हा सम नमुनेच येतील. हा नियम कधीच मोडत नाही. सम सहगुणक आणि विषम नमुना यांची गाठ फक्त टाकून द्यायच्या उत्तरांत पडत होती, आणि ती उत्तरे आता काढायचीच नाहीत.

त्यामुळे फिल्टरची सरळ दोन भागांत फोड करता येते. सम सहगुणकांचा एक छोटा फिल्टर, विषम सहगुणकांचा दुसरा. येणारे नमुनेही आळीपाळीने दोन शाखांत वाटायचे, प्रत्येक शाखेने आपली बेरीज करायची आणि शेवटी दोन्ही बेरजा मिळवायच्या. सूत्रात लिहिले तर:

```
y[m] = Σ h[2i]·x[2m−2i] + Σ h[2i+1]·x[2m−2i−1]
```

पहिली बेरीज सम शाखेची आणि दुसरी विषम शाखेची. मघाचेच आकडे घातले तर सम शाखेत ६, ८, १०, ४ हे नमुने आणि −१, ९, ९, −१ हे सहगुणक येतात. बेरीज १५२, भागाकार ४.७५. विषम शाखेत २, १२, ६ हे नमुने आणि ०, १६, ० हे सहगुणक येतात. बेरीज १९२, भागाकार ६. दोन्ही मिळून १०.७५, म्हणजे अगदी तेच उत्तर. ही अंदाजी पद्धत नव्हे. बेरजेतली पदे तीच आहेत, फक्त त्यांचे गट वेगळे पाडले आहेत.

दोन्ही शाखा आता निम्म्या दराने, म्हणजे सेकंदाला ४८,००० वेळा चालतात. ६४ सहगुणकांच्या फिल्टरमध्ये प्रत्येक शाखेला ३२ सहगुणक मिळतात. विषम नमुना आला की विषम शाखेचे गुणाकार उरकायचे, सम नमुना आला की सम शाखेचे. त्यामुळे कामाचा भार समान राहतो. एका नमुन्याला रिकामे बसणे आणि पुढच्याला दुप्पट धावणे असे होत नाही. स्मृती मात्र वाचत नाही. साठवायचे नमुने जवळपास तितकेच राहतात, फक्त दोन रांगांत विभागले जातात.

पहिल्या नजरेत या रचनेत एक गोष्ट खटकते. प्रत्येक शाखेत नमुने गाळण्याआधीच निम्मे झालेले असतात, आणि तसे करू नये असे तर सुरुवातीलाच सांगितले. १२, ८, १२, ८ ही मालिका आत सोडली की याचा उलगडा होतो. सम शाखेला फक्त १२ दिसतात आणि ती त्यांचे ६ करते. विषम शाखेला फक्त ८ दिसतात आणि ती त्यांचे ४ करते. दोघींची बेरीज १०, म्हणजे बरोबर उत्तर. एलियसिंग दोन्ही शाखांत झालेलेच होते, पण परस्परविरुद्ध चिन्हांनी, म्हणून बेरजेत ते एकमेकांना खोडून गेले. या रचनेत एकही नमुना टाकला जात नाही. टाकली जाते ती अनावश्यक आकडेमोड. या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच आहे.

ही मांडणी फ्रान्सच्या मॉरिस बेलांजे आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९७६ साली एका शोधनिबंधात सविस्तर दिली. पुढे पी. पी. वैद्यनाथन यांच्या १९९३ च्या ग्रंथाने ती बहुदर संकेतप्रक्रियेच्या अभ्यासात सर्वत्र रुळवली.

उदाहरणातल्या फिल्टरमध्ये आणखी बचत दडलेली आहे. त्याच्या विषम शाखेत मधला १६ सोडला तर सगळी शून्येच आहेत. ३२ ने भागल्यावर तो १६ म्हणजे नुसते निम्मे करणे, आणि द्विमान अंकांत ते एक घर सरकवून होते. म्हणजे विषम शाखेला गुणाकार लागतच नाही. सम शाखेतले सहगुणक दोन्ही टोकांकडून सारखे आहेत, म्हणून समान सहगुणकांचे नमुने आधी मिळवून मग गुणले तर चाराऐवजी दोन गुणाकार पुरतात. चौदावरून सुरुवात झाली होती, ती दोनवर आली. अशा फिल्टरला हाफबँड फिल्टर म्हणतात.

या जादा बचतीची किंमत मोजावी लागते. हाफबँड फिल्टरचा प्रतिसाद जुन्या दराच्या चतुर्थांशाभोवती, इथे २४ किलोहर्ट्झभोवती, सममित असतो आणि त्या बिंदूवर सूर नेमका अर्धा होतो. २० किलोहर्ट्झपर्यंत काही बिघडू द्यायचे नसेल, तर पूर्ण अटकाव २८ च्या पुढेच मिळतो. मधला २४ ते २८ हा पट्टा २० ते २४ मध्ये दुमडून येतो. माणसाचा कान साधारण २० पर्यंतच ऐकतो, म्हणून ध्वनीत हे चालते. मोजमापाच्या उपकरणात चालेलच असे नाही. सात सहगुणकांचा फिल्टर तर फक्त समजावण्यापुरता आहे. २० पासून २८ पर्यंत उतरायला त्याहून बरेच जास्त सहगुणक लागतात.

सममितीचा फायदाही सरसकट मिळत नाही. सहगुणकांची संख्या विषम असेल तर दोन्ही शाखा स्वतंत्रपणे सममित राहतात. संख्या सम असेल, उदाहरणार्थ ६४, तर एक शाखा दुसरीचे उलटे रूप होते आणि कोणत्याही एकीच्या आत समान जोड्या सापडत नाहीत.

प्रत्यक्ष रचना करताना ठरलेली चूक एकच: विषम शाखेला चुकीचा नमुना जाणे. सूत्रात तिथे x[2m−1] आहे, म्हणजे सम नमुन्याच्या आधीचा. वाटणी करताना शून्य आणि एक, दोन आणि तीन अशा जोड्या लावल्या, तर त्याऐवजी नंतरचा नमुना जातो आणि विषम शाखा दोन नमुन्यांनी पुढे सरकते. ही चूक साध्या चाचण्यांना दाद देत नाही. स्थिर पातळी बरोबर येते, १२ आणि ८ ची मालिकाही १० च देते, कारण त्या मालिका दोन घरे सरकवल्या तरी तशाच राहतात. बिघाड दिसतो तो मधल्या कंप्रतांवर. चांगल्या हाफबँड फिल्टरमध्ये अशी चूक झाली तर १८ किलोहर्ट्झचा सूर सुमारे ३८ टक्क्यांवर घसरतो, आणि अडायला हवा असा ३० किलोहर्ट्झचा सूर सुमारे ९२ टक्के तीव्रतेने आत घुसतो. म्हणून खरी तपासणी यादृच्छिक नमुन्यांवर करावी: सरधोपट पद्धतीने काढलेली सम क्रमांकाची उत्तरे आणि पॉलिफेजची उत्तरे शेजारी ठेवावीत. बेरीज पूर्णांकांत ठेवून भागाकार शेवटी एकदाच केला असेल, तर दोन्ही शेवटच्या अंकापर्यंत जुळली पाहिजेत.

स्वतःचीच आधीची उत्तरे पुन्हा वापरणाऱ्या आयआयआर फिल्टरला ही फोड जशीच्या तशी लावता येत नाही. तिथे टाकून द्यायचे उत्तरही पुढच्या हिशेबात लागते, म्हणून ते वगळता येत नाही. त्यासाठी ऑल-पास विभागांच्या वेगळ्या रचना आहेत, ज्यांत परतीची वाटही दोन-दोन नमुन्यांच्या उड्यांनीच जाते.