सुट्टीची यादी जिवंत हवी

रोज संध्याकाळी शेअरचे भाव उतरवून घेणारे काम क्रॉनमध्ये `30 18 * * 1-5` असे लावले, की ते सोमवार ते शुक्रवार चालते. क्रॉनला वार कळतो, सण कळत नाही. बाजार बंद असला तरी काम चालते आणि कालचेच भाव आजच्या तारखेने नोंदले जाण्याचा धोका राहतो. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सुट्ट्यांची यादी तपासावी:

```
grep -qx "$(date +%F)" holidays.txt && exit 0
```

वर्षारंभी यादी एकदा भरली की झाले, असे कोणी म्हणेल. पण 2023 मध्ये बकरी ईदची बाजाराची सुट्टी 28 जूनवरून 29 जूनला गेली. जुनी यादी असती तर 28 चे खरे भाव हुकले असते आणि 29 ला काम विनाकारण चालले असते. उलट, 20 जानेवारी 2024 च्या शनिवारी बाजार भरला होता, म्हणून जादा कामाच्या दिवसांचीही यादी लागते. यादी सांभाळणे हे आणखी एक काम आहे, हा आक्षेप खरा आहे. पण चुकीच्या नोंदी शोधून काढणे त्याहून जड जाते. यादीची जबाबदारी एका व्यक्तीकडे द्या, बाजाराचे परिपत्रक आले की ती त्याच दिवशी बदला आणि काम वगळल्याची नोंद लॉगमध्ये ठेवा.