तीननंतर एकदम पाच

योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय न्यू इंटरनॅशनल व्हर्जन या इंग्रजी भाषांतरात उघडला, तर तिसऱ्या वचनानंतर थेट पाचवे येते. चौथे वचन मजकुरात नाही. तळटीप न वाचणाऱ्याला हा छपाईचा दोष वाटतो, आणि संशयी वाचकाला कुणीतरी बायबलला कात्री लावल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ही आकड्यांच्या जन्मतारखेची गंमत आहे.

मूळ ग्रीक हस्तलिखितांत वचनांना क्रमांक नव्हतेच. नव्या कराराला आज आपण वापरतो ते क्रमांक रॉबेर एतिएन या मुद्रकाने १५५१ साली जिनिव्हात छापलेल्या ग्रीक आवृत्तीत घातले. त्याच्यासमोरची संहिता मुख्यतः मध्ययुगीन हस्तलिखितांवर बेतलेली होती. तिच्यात चौथे वचन होते, म्हणून त्याला चार हा आकडा मिळाला. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरातही ते आहे. पुढच्या शतकांत त्याहून कितीतरी जुनी हस्तलिखिते अभ्यासकांच्या हाती आली आणि त्यांत हे वचन सापडले नाही. पण तोवर आकडे रूढ झाले होते.

प्रसंग यरुशलेममधल्या बेथेस्दा तळ्याचा. तळ्याकाठी आजारी माणसे पडलेली असतात. त्यांतला एकजण अडतीस वर्षे आजारी आहे. येशूशी बोलताना सातव्या वचनात तो म्हणतो, की पाणी हलते तेव्हा मला तळ्यात सोडायला कुणीच नसते. पाणी का हलते, आणि हलल्यावर त्यात उतरण्याची घाई कशासाठी? चौथे वचन नेमके हेच सांगते: देवदूत अधूनमधून उतरून पाणी घुसळतो, आणि त्यानंतर जो पहिला पाण्यात जाईल तो बरा होतो. त्यामुळे अभ्यासकांचा तर्क असा, की कुणा वाचकाने किंवा लेखनिकाने हे स्पष्टीकरण समासात लिहिले असावे आणि पुढच्या नक्कलकाराने ते मजकूर समजून आत घेतले असावे. हाताने नक्कल करण्याच्या काळात समासातली टीप आणि राहून गेलेली ओळ यांत फरक करणे अवघडच होते.

हा नुसता अंदाज नाही. साधारण इ. स. २०० च्या सुमाराचे मानले जाणारे पपायरस ६६, तसेच चौथ्या शतकातली सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस ही दोन्ही हस्तलिखिते चौथ्या वचनाशिवाय आहेत. ज्यांत ते आहे त्यांचेही एकमत नाही: कुठे देवदूत पाण्यात उतरतो, तर कुठे स्नान करतो. काही नक्कलकारांनी त्या ओळींशेजारी शंकेच्या खुणाही केल्या आहेत. शिवाय त्यातले काही शब्द योहानाच्या शुभवर्तमानात दुसरीकडे कुठेच येत नाहीत. मला यातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो हस्तलिखितांतल्या फरकांचा, कारण बाहेरून आलेला मजकूर बहुधा असाच अस्थिर असतो.

तरीही गाळलेले प्रत्येक वचन उशिराचे असे समजू नये. प्रेषितांची कृत्ये ८:३७ हेही जुन्या ग्रीक प्रतींत नाही, पण त्यातला मजकूर दुसऱ्या शतकातल्या इरेनिअसला ठाऊक होता. म्हणजे ओळ फार जुनी असू शकते आणि तरी मूळ ग्रंथातली नसू शकते.

मग पाचव्याला चौथा क्रमांक का देत नाहीत? दिला, तर शतकानुशतकांची भाष्ये, शब्दसूच्या आणि प्रवचनांतले सगळे संदर्भ एका घराने सरकतील. त्यापेक्षा रिकामी जागा परवडली. काही भाषांतरे वचन कंसात ठेवतात, काही तळटीपेत उतरवतात.

संदर्भ देतानाही आकडे सरकवायचे नाहीत. अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस कोणत्याही भाषांतरात योहान ५:५ मध्येच भेटतो. सलग उतारा घेतला तर योहान ५:१-९ असेच लिहावे आणि भाषांतराचे नाव द्यावे. उतारा शब्दशः छापला असेल, तर ‘या भाषांतरात वचन ४ मजकुरात नाही’ एवढी टीप पुरे. मात्र देवदूताचा मजकूरच उद्धृत करायचा असेल, तर तो ज्यात आहे ते भाषांतर सांगायला हवे, जसे ‘योहान ५:४, किंग जेम्स’. तळटीपेतून घेतला असेल, तर ‘योहान ५:४, तळटीप’ असे लिहून भाषांतराचे नाव जोडावे. नुसते ‘योहान ५:४’ लिहिले, तर पडताळू पाहणाऱ्याला त्या जागी काहीच सापडणार नाही. आणखी एक बारकावा: जुन्या प्रतींत तिसऱ्या वचनाचा शेवटचा भागही नाही, ज्यात लोक पाणी हलण्याची वाट पाहत असल्याचे म्हटले आहे. त्याबद्दल लिहायचे असेल तर वचनाचे दोन भाग मानून ५:३ब असा उल्लेख करतात.