तार कापूच नका

एक मीटर लांबीची तार आहे. ती कुठेतरी कापायची, एका तुकड्याचे वर्तुळ करायचे आणि दुसऱ्याचा चौरस. दोन्ही आकृत्यांचे मिळून क्षेत्रफळ जास्तीत जास्त कधी होईल? बारावीचा विद्यार्थी सवयीने सूत्र मांडतो, डेरिव्हेटिव्ह काढतो आणि ते शून्य कुठे होते ते शोधतो. उत्तर एकच येते: वर्तुळाला सुमारे ४४ सेंटीमीटर, चौरसाला ५६. तेच लिहून तो पुढच्या गणिताकडे वळतो, आणि इथेच चुकतो.

डेरिव्हेटिव्ह म्हणजे आलेखाचा चढ. आलेखाच्या मधल्या भागात शिखर किंवा तळ असेल, तर तिथे चढ शून्य असतो, नाहीतर टोकदार कोपऱ्यामुळे तो सांगताच येत नाही. अशा बिंदूंना निर्णायक बिंदू म्हणू. टोकांना मात्र हे बंधन नाही. घाट चढताना अर्ध्यात थांबलात, तर तुमच्या प्रवासातली सर्वांत उंच जागा तीच, जिथे थांबलात. तिथे रस्ता सपाट असेलच असे नाही.

म्हणून तारेच्या गणितात तीन किमती शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. सगळी तार चौरसाला दिली, तर बाजू २५ सेंटीमीटर आणि क्षेत्रफळ ६२५ चौरस सेंटीमीटर. सगळी वर्तुळाला दिली, तर सुमारे ७९६. आणि त्या निर्णायक बिंदूवर? फक्त ३५०. म्हणजे शिखर समजून लिहिलेले उत्तर तळाचे होते! क्षेत्रफळ कमीत कमी तिथे होते आणि जास्तीत जास्त तार न कापता, पूर्ण वर्तुळ केल्यावर. तळाची जागा सुंदरही आहे: तिथे वर्तुळाचा व्यास आणि चौरसाची बाजू अगदी सारखी, सुमारे १४ सेंटीमीटर. ते वर्तुळ त्या चौरसात चपखल बसते.

तीन आकडे तपासून आपण निर्धास्त का राहू शकतो? कारण क्षेत्रफळ कुठेही उडी न मारता सलग बदलते आणि ० ते १०० या अंतराची दोन्ही टोके आपण धरली आहेत. अशा वेळी सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान किंमत असतेच. हे प्रमेय वायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. त्या किमती टोकांवर किंवा निर्णायक बिंदूंवरच सापडतात, दुसरीकडे कुठे शोधावे लागत नाही.

टोके धरण्याची अट मला फार मोलाची वाटते. समजा, दोन्ही आकृत्या झाल्याच पाहिजेत असा नियम केला. मग तळ जागच्या जागी राहतो, पण शिखर नाहीसे होते. वर्तुळाला ९९ सेंटीमीटर दिले तर क्षेत्रफळ सुमारे ७८०, ९९.९ दिले तर ७९४. चौरसाचा तुकडा कितीही बारीक घेतला, तरी त्याहून बारीक तुकडा थोडे अधिक क्षेत्रफळ देतोच.