फोटो हरवला, पण पान शेतातच आहे

ऑगस्टच्या मध्यात भोकरदन भागातून एका मिरची उत्पादकाचा मोबाइलवर निरोप येतो : “साहेब, मिरचीची पानं मुरडलीत. फोटो टाकलाय. काय मारू?” फोटो उघडतच नाही. शेतकऱ्यानेही जागा होईना म्हणून तो मोबाइलमधून काढून टाकलेला असतो. सल्ला देणाऱ्याच्या हाती उरतात दोनच गोष्टी : पीक मिरची आणि पाने मुरडलेली.

एवढ्यावर औषधाचे नाव सांगता येत नाही. मिरचीची पाने मुरडण्याची नेहमीची कारणे तीन आहेत : फुलकिडे, कोळी आणि पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणू. दुकानाच्या काउंटरवर तिन्ही ‘चुरडा-मुरडा’ म्हणूनच ओळखली जातात, पण उपाय तिन्हींचे वेगळे आहेत. फुलकिडा हा कीटक आहे. कोळी हा कीटक नाही, त्याला आठ पाय असतात आणि कित्येक कीटकनाशके त्याच्यावर चालत नाहीत. विषाणू झाडात शिरल्यावर तर त्याच्यावर औषधच नाही. म्हणून कारण चुकले की पैसा जातो आणि त्याहून मोलाचे आठ-दहा दिवस जातात.

अशा वेळी फोटोचे काम प्रश्नांनी करून घ्यावे लागते. शेतकरी किंवा घरचे कोणी शेतातच असेल, तर चार-पाच प्रश्नांत बरेचसे चित्र उभे राहते. प्रश्न मात्र असा हवा की उत्तर आपण सुचवता कामा नये. “कडा वर वळल्यात ना?” असे विचारले की समोरून “हो” येते. त्याऐवजी सांगावे, “भाऊ, शेंड्याचं एक पान झाडावर आहे तसंच राहू द्या आणि त्यावर थोडं पाणी टाका. पाणी पानात साचतं की घसरून जातं?”

पाणी साचले तर कडा वर वळून पान होडीसारखे झाले आहे. फुलकिड्यांनी रस शोषल्याची ही खूण आहे. पाणी घसरून गेले तर होडी उलटी आहे, कडा खाली वळल्या आहेत आणि संशय कोळ्यावर जातो. कोळ्याच्या प्रादुर्भावात पानाचा देठही लांबलेला दिसतो आणि पान अरुंद होते. विषाणूच्या झाडाचे पान नुसते वळत नाही. ते लहान राहते, शिरा जाड होतात, शिरांमधला भाग पिवळसर पडतो, पेरे आखूड होतात आणि झाड खुरटून झुडपासारखे दिसते.

दुसरा प्रश्न पानाच्या मागच्या बाजूचा. तिथे तांबूस, तकाकी आलेली छटा असेल तर कोळ्याचा संशय पक्का होत जातो. हा पांढरा कोळी अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतो, नुसत्या डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी दहापट मोठे दाखवणारे भिंग लागते. फुलकिडा साधारण मिलिमीटरभर असतो. शेंडा किंवा फूल पांढऱ्या कागदावर आपटले की बारीक, लांबट किडे चालताना दिसतात. फूल आपटून बघायला विसरू नये. २०२१ मध्ये आंध्र प्रदेश आणि तेलंगणात मिरचीचे मोठे नुकसान करणारी फुलकिड्याची आक्रमक जात फुलांतच मोठ्या संख्येने सापडते.

तिसरा प्रश्न शेताचा : मुरडलेली झाडे कुठे आहेत? विषाणूची झाडे बहुधा विखुरलेली दिसतात. एक झाड खुरटलेले आणि शेजारची दोन चांगली, असा प्रकार सुरुवातीला असतो. कोळी बहुधा ठिगळाठिगळाने वाढतो. बांधाच्या एकाच बाजूला सगळी झाडे एका दिवसात बिघडली आणि पाने दोरीसारखी अरुंद झाली, तर कीड शोधण्याआधी शेजारच्या मक्यात किंवा उसात टू-फोर-डी तणनाशक फवारले होते का आणि आपला पंप कशासाठी वापरला होता, हे विचारावे.

चौथा प्रश्न : आधी काय फवारले? याचे उत्तर बाटलीवरच्या नावासकट घ्यावे.

आता भोकरदनच्या त्या शेताकडे वळू. उत्तरे अशी आली : पाणी घसरून जाते. देठ लांब दिसतात. मागून पान तांबूस आहे. शेंडे मुरडलेत, खालची जुनी पाने ठीक आहेत. वाफ्याच्या एका बाजूला पाच-सहा ओळींत जास्त आहे. आठवडाभर ढगाळ आणि दमट हवा आहे. फुलकिड्यांसाठी म्हणून सायपरमेथ्रिन दोनदा मारले आणि त्यानंतर प्रकार वाढला.

प्रत्येक उत्तर एकाच दिशेला बोट दाखवते. उष्ण, दमट हवा पांढऱ्या कोळ्याला मानवते. तो कोवळ्या शेंड्यावर जगतो, म्हणून जुनी पाने चांगली राहतात. सायपरमेथ्रिन ज्या गटात येते, त्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांनी कोळी खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी उलट वाढतो. म्हणजे तिसऱ्यांदा तेच फवारणे हा नुकसानीचा मार्ग होता. इथे सल्ला द्यायचा तो कोळीनाशकाचा किंवा पाण्यात मिसळणाऱ्या गंधकाचा. लेबलवर पीक मिरची आणि कीड कोळी, दोन्ही लिहिलेले बघून घ्यावे आणि प्रमाणही लेबलप्रमाणेच ठेवावे. गंधक भर उन्हात मारू नये, पाने करपतात. फवारा शेंड्यावर आणि पानाच्या मागून बसला पाहिजे, कारण कोळी तिथेच असतो.

गुण आला की नाही हे मुरडलेल्या पानांवरून ठरवू नये. ती सरळ होत नाहीत. आठ-दहा दिवसांनी येणारी नवी पाने सपाट आली तर निदान बरोबर. तीही मुरडलेलीच आली तर पुन्हा पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी.

प्रश्नांनाही मर्यादा आहे. एकाच झाडावर फुलकिडे आणि कोळी दोन्ही असू शकतात. पाणी काही पानांत साचते, काहींवरून घसरते आणि उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. अशा वेळी अंदाजाने दोन औषधे एकत्र करून देऊ नयेत. दोन-तीन बाधित शेंडे आणि एक चांगला शेंडा वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच दिवशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्यावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाने घामेजून काळी पडतात आणि नमुना वाया जातो. विषाणूची लक्षणे जुळली तर सुरुवातीची मोजकी झाडे उपटून नष्ट करावीत आणि लक्ष पांढऱ्या माशीकडे वळवावे.

किसान कॉल सेंटर २००४ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून शेतकऱ्यांचे असे प्रश्न तिथे बोलण्यावरूनच सोडवले जातात. १८००-१८०-१५५१ हा त्याचा निःशुल्क क्रमांक आहे. तिथे फोन करा, सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा किंवा दुकानात जा. जाण्याआधी शेतात जाऊन चार उत्तरे सोबत घ्या : पानाच्या कडा कुठे वळल्या, मागून रंग कसा आहे, शेतात कुठे पसरले आणि आधी काय फवारले. ही उत्तरे न विचारताच कोणी बाटली पुढे केली, तर ती घेऊ नका.