कराओकेसाठी सोपं गाणं कसं ओळखायचं?
घोडबंदर रोडवरच्या क्लबहाऊसमध्ये मित्रमंडळींचा कराओके फसतो तो सहसा अंतऱ्यात. मुखडा बोलण्याच्या आवाजात निभावतो, पण अंतरा वर चढतो आणि गळा ताणला जातो. त्यामुळे निवड करताना गाण्यातली सर्वांत उंच ओळ आधी गाऊन पाहावी. ती ओरडल्याशिवाय येत नसेल, तर ट्रॅकची पट्टी दोन पायऱ्या उतरवावी. फार उतरवली की मुखडा पुटपुटल्यासारखा ऐकू येतो, तिथे थांबावं.

गाणं गाजलेलं असलं म्हणजे सोपं असतंच असं नाही. 'सैराट' (२०१६) या एकाच चित्रपटातली, अजय-अतुल यांचीच दोन गाणी पाहा. 'याड लागलं' संथ आहे. त्यात सूर धरून ठेवावा लागतो आणि तो जरा हलला तरी लपत नाही. 'झिंगाट'मध्ये सूर लांबवायची फारशी वेळच येत नाही. ताल सापडला की काम होतं, शिवाय ध्रुवपदाला सगळी खोली ओरडते आणि एकट्याचा बेसूरपणा त्यात बुडून जातो. कडव्यांतले शब्द मात्र वेगात धावतात. दम संपण्याआधी माइक पुढच्याकडे द्यावा, ओळी आधीच वाटून घ्याव्यात.