पहाटेचं दूध, कालची तारीख

गावातल्या दूध संकलन केंद्रावरून तक्रार येते: "तुमचं अ‍ॅप हिशेब चुकवतंय." अ‍ॅप बनवणाऱ्यांच्या ऑफिसात कुणीतरी दहा वाजता एक नोंद करून बघतो, ती बरोबर पडते. "आमच्याकडे तर नीट चालतंय," असं उत्तर जातं आणि तक्रार बंद होते. केंद्रचालक आणि शेतकरी मात्र रोज त्यावरून वाद घालत बसतात.

अशा वेळी टेस्टरने केंद्रचालकाला फोन लावावा. "नेमकं काय चुकतंय?" असं विचारून फारसं हाती लागत नाही. "शेवटचं कुणाचं चुकलं? त्याची पावती समोर आहे का? त्यावर वेळ काय आहे?" असं विचारलं की माहिती मिळायला लागते. समजा पावतीवर ११ तारीख, पहाटे ५:१५ आहे आणि अ‍ॅपच्या यादीत तेच दूध १० तारखेला पडलंय. आणखी दोन-तीन पावत्या मागवाव्यात, बरोबर पडलेल्यासुद्धा. त्या शेजारी ठेवल्या की दिसतं, चुकलेल्या सगळ्या साडेपाचच्या आतल्या आहेत. दर दहा दिवसांनी बिल निघत असेल तर ११ तारखेचं दूध आधीच्या बिलात जातं. "हिशेब चुकतो" याचा अर्थ हा होता.

आता रिपोर्ट लिहायचा. शीर्षकच बोलकं हवं: "पहाटे ५:३० पूर्वीची नोंद आदल्या दिवशीच्या तारखेला दिसते." खाली अ‍ॅपची आवृत्ती, फोनचं मॉडेल, फोनवर भारतीय वेळ आहे की नाही, आणि मग:

टप्पे:
१. ११ तारखेला पहाटे ५:१५ ला "नवीन नोंद" उघडा.
२. एका शेतकऱ्याच्या नावावर १० लिटर दूध भरून सेव्ह करा.
३. त्याच शेतकऱ्याची "तारखेनुसार यादी" बघा.

अपेक्षित: नोंद ११ तारखेखाली दिसावी.
प्रत्यक्षात: ती १० तारखेखाली दिसते. ५:३१ ला केलेली नोंद मात्र ११ तारखेखालीच येते.

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे, कारण चूक कुठे थांबते ते त्यातून कळतं. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. इथे ११ तारखेचे ५:१५ वाजतात तेव्हा यूटीसीनुसार १० तारखेची रात्र असते. प्रोग्रामर साडेपाचचा आकडा वाचताच कुठे बघायचं ते ओळखतो. तरीही हे कारण रिपोर्टमध्ये "अंदाज" म्हणून वेगळंच लिहावं. अंदाज चुकला तरी टप्पे खरेच राहतात.

त्याच फोनवर केंद्रचालक "अ‍ॅप हळूही चालतं" म्हणाला असेल, तर त्याचा रिपोर्ट स्वतंत्र करा. आणि दुरुस्ती आली की ५:२९ आणि ५:३० अशा दोन नोंदी करून बघा. दोन्ही त्याच दिवशी पडल्या, तरच तक्रार बंद करा.