मुंढ्याचा हिशेब

नागपूरकराला स्वेटर लागतो मोजून दीड-दोन महिने. पण तेवढ्यात थंडी आपला हिसका दाखवते. २९ डिसेंबर २०१८ला इथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, तेव्हा ट्रंकेच्या तळाशी गेलेले सगळे लोकरीचे कपडे एका सकाळीत वर आले होते. थंडी लागली की तिबेटी विक्रेत्यांची दुकानं लागतात. विदर्भाला हे चेहरे परके नाहीत. गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला १९७२पासून तिबेटी वसाहत आहे. या दुकानांतला बराचसा माल असतो लुधियानाच्या मशीनवरचा, आणि त्याची तऱ्हा ठरलेली: छातीचं माप वाढलं की खांदाही त्याच हिशेबात वाढतो. माणसाचं शरीर मात्र तसं वाढत नाही. छातीला बसलेला स्वेटर खांद्यावरून ओघळतो तो यामुळेच. हाताने विणणाऱ्या बाईला हे टाळता येतं. मात्र त्यासाठी सुरुवातीला थोडं गणित मांडावं लागतं.

गणिताची सुरुवात होते नमुन्याच्या तुकड्यापासून. आपल्याकडे बहुतेक जणी तो विणत नाहीत. ‘चौतीस छातीला शंभर टाके’ हे आईकडून आलेलं पाठांतर पुरतं, अशी समजूत असते. आईची लोकर वेगळी होती, सुया वेगळ्या होत्या आणि मुख्य म्हणजे हात वेगळा होता. एकच लोकर आणि ८ नंबरच्या सुया (म्हणजे ४ मिमी) दोघींना दिल्या, तरी एकीचे टाके घट्ट पडतात आणि दुसरीचे सैल.

तुकडा हातभर नको, पण दोन बोटांचाही नको. ३२ टाके घालून ४० ओळी विणाव्यात, आणि त्याही ज्या विणीत स्वेटर करायचा त्याच विणीत. साध्या विणीच्या कडा गुंडाळल्या जातात आणि कडेचे टाके वेडेवाकडे असतात, म्हणून माप नेहमी मधल्या भागाचं घ्यायचं. सुईवर असताना मोजू नये, कारण सुई टाक्यांना ताणून धरते. टाके बंद करावेत, स्वेटर जसा धुणार तसाच तुकडा धुवावा आणि टॉवेलवर न ओढता पसरून वाळवावा. मग दोन टाचण्या ४ इंचांवर टोचून मधले टाके मोजायचे. अर्धा टाका आला तर तोही धरायचा.

धुण्याचा कंटाळा एकदा मला चांगलाच भोवला. न धुतलेल्या तुकड्यात ४ इंचांत २४ टाके भरले, म्हणजे इंचाला ६. पाठ १८ इंच हवी होती, म्हणून १०८ आणि शिवणीचे २, असे ११० टाके घातले. पहिल्याच धुण्यात लोकर सैलावली आणि इंचाला साडेपाच टाके उरले. ३६ घेराचा स्वेटर ३९च्या वर गेला. इंचाला अर्धा टाका ऐकायला काहीच वाटत नाही, पण पुढच्या-मागच्या भागांत तो दोनशेवर टाक्यांनी गुणला जातो. आता तो स्वेटर घरात ‘पाहुण्यांचा’ म्हणून ओळखला जातो.

त्याच लोकरीचा धुतलेला तुकडा धरून आता नवा हिशेब मांडू. ४ इंचांत २२ टाके आणि ३० ओळी, म्हणजे इंचाला साडेपाच टाके, साडेसात ओळी. छाती ३४. अंगाबरोबर बसणारा, पण ब्लाउजवर घालता येईल असा स्वेटर हवा, म्हणून २ इंच सैल धरू. घेर ३६, पाठ १८ इंच. १८ गुणिले साडेपाच म्हणजे ९९, त्यात शिवणीत जाणारे २ टाके. एकूण १०१. एक सुलट, एक उलट अशा बॉर्डरला विषम आकडा सोयीचा, कारण दोन्ही कडांना सुलट टाका येतो. बॉर्डर १० नंबरवर विणून वरचा भाग ८ नंबरवर घ्यायचा आणि काखेपर्यंत सरळ जायचं.

मुंढ्यापाशी आल्यावर छातीचं माप बाजूला ठेवायचं. ब्रिटनमध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी अंगाच्या टाक्यांवरून बाहीचे टाके टक्केवारीने काढायची पद्धत रूढ केली. सैलसर, गोल विणलेल्या स्वेटरला ती उत्तम चालते. बेतशीर मुंढ्याला मात्र टक्केवारी पुरत नाही, कारण मुंढा ठरतो हाडांवरून. पाठीवर एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टेप लावायचा. शिंपी ब्लाउजसाठी ‘शोल्डर’ घेतो, तेच हे माप. आपल्या उदाहरणात ते साडेतेरा इंच आहे. टाके झाले ७४, शिवणीचे २ मिळवून ७६. विषम हवेत म्हणून ७७ धरू. १०१मधून ७७ गेले, उरले २४. प्रत्येक बाजूला १२ टाके कमी करायचे आहेत.

हे १२ टाके एकदम बंद केले तर काखेत काटकोन तयार होतो आणि कापड चुण्या धरतं. सावकाश, एकेक करून घटवले तर मुंढा तिरपा होऊन खांद्यापर्यंत जातो आणि काखेत जादा कापड साचतं. म्हणून उतार आधी जोरात, मग हळू. पहिल्या दोन ओळींच्या सुरुवातीला ५-५ टाके बंद करायचे. बंद करणं ओळीच्या सुरुवातीलाच जमतं, कारण लोकर तिथेच असते. दोन बाजूंत एका ओळीचा फरक राहतो, पण तो दिसत नाही. पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला २-२. राहिलेले ५ टाके दर सुलट ओळीला दोन्ही कडांना एकेक असे घटवायचे, त्याला १० ओळी लागतात. सगळा आकार १४ ओळींत, म्हणजे जेमतेम पावणेदोन-दोन इंचांत पुरा होतो. मुंढ्याची उंची ७ इंच धरली तर ओळी ५२. उरलेल्या ३८ सरळ विणायच्या.

घटवतानाही कडेचे दोन टाके तसेच ठेवावेत. उजव्या कडेला ते विणून पुढचा टाका न विणता उचलायचा, त्याच्या पुढचा विणायचा आणि उचललेला त्यावरून ओढून टाकायचा. डाव्या कडेला चार टाके उरले की दोघांचा एक सुलट करायचा आणि शेवटचे दोन विणायचे. उलट केलंत तर आकार बिघडत नाही, पण वळणाची रेघ दातेरी दिसते.

आता एक भरलेल्या अंगाची मैत्रीण घ्या. छाती ४२, घेर ४४, पाठीवर १२३ टाके. पण तिचा खांदा साडेचौदा इंचच आहे, म्हणजे साधारण ८१ टाके. तिला एका बाजूला १२ नव्हे, २१ टाके कमी करावे लागतील: ७, मग ३, मग २, आणि राहिलेले ९ एकाआड एक ओळीला. आधीच्या उदाहरणातला १२चा आकडा तसाच उचलला तर पाठीवर ९९ टाके राहतील, खांदा साडेसतरा इंचांच्या पुढे जाईल आणि दोन्हीकडे दीड-दीड इंच दंडावर लोंबेल. बाजारातल्या स्वेटरमध्ये ती हेच बघत आली आहे.

चूक विणतानाच पकडता येते. मुंढ्याचा आकार संपल्यावर आठ-दहा ओळी सरळ विणाव्यात, टाके जाड दोऱ्यावर घ्यावेत आणि भाग पाठीला लावून बघावा. कड खांद्याच्या हाडापाशी, जिथे दंड सुरू होतो तिथे आली पाहिजे. बाहेर आली तर टाके कमी घटवले गेले, गळ्याकडे सरकली तर जास्त. काखेत टोचत असेल तर रुंदी नव्हे, उंची कमी पडणार आहे, आणि ती पुढच्या सरळ ओळींत वाढवता येते.

बाहीचा वरचा फुगवटा हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. तूर्त एवढंच सांगते, की बाहीच्या काखेतही पहिल्यांदा ५ आणि मग २ असेच टाके बंद करायचे. शिवायला बसलं की हे दोन पायऱ्यांचे भाग समोरासमोर येतात आणि सुई तिथूनच घालायची असते.